पुन्हा आलेल्या ऑर्डरीला आभाराची चिठ्ठी: घरून हापूस विकणाऱ्यांना वारंवार पडणारे प्रश्न

देवगडजवळ आमची बाग आहे. मुंबई, ठाणे, पुण्याच्या घरांना आम्ही थेट पेट्या पाठवतो. गावातले इतर बागायतदार आणि घरून माल पाठवणाऱ्या ताया हेच प्रश्न मला फोनवर विचारत असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. उदाहरणं आंब्याची आहेत, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे.

दुसऱ्यांदा ऑर्डर आली की मी "थँक्यू 🙏" पाठवतोच. ते पुरत नाही का?

त्यात वाईट काही नाही. पण तेच "थँक्यू" तुम्ही टेम्पोवाल्याला पाठवता, पहिल्यांदा चौकशी करणाऱ्यालाही पाठवता. पुन्हा मागवणाऱ्या माणसाने केलेली गोष्ट वेगळी असते. पहिली पेटी कुणाच्या तरी सांगण्यावरून किंवा नुसत्या उत्सुकतेने घेतली जाते. दुसरी पेटी मागवणाऱ्याने तुमचं फळ हातात घेऊन, कापून, खाऊन बघितलेलं असतं. हापूसच्या नावाखाली दुसरीकडचा आंबा सर्रास विकला जातो हे त्याला ठाऊक असतं, कोपऱ्यावर फळवाला बसलेला असतो, आणि तरी तो न बघितलेल्या मालाचे पैसे आधी पाठवतो. त्याने काय केलं हे तुमच्या लक्षात आलं आहे, एवढं त्याला कळायला हवं. "थँक्यू"मधून ते कळत नाही.

मग चिठ्ठीत लिहायचं तरी काय?

त्या माणसाबद्दलची एक आठवण आणि त्याच्या याच पेटीबद्दलची एक उपयोगाची गोष्ट. मी मुद्दाम एक एकच म्हणतो आहे. नेमकं कसं ते एका ऑर्डरीवरून सांगतो.

ठाण्याच्या एका काकूंनी एप्रिलच्या सुरुवातीला दोन डझन आंबे मागवले होते. तेव्हा म्हणाल्या होत्या, "आम्ही दोघंच आहोत, सगळे एकदम पिकतील असे नकोत." मे महिन्यात त्यांचा पुन्हा मेसेज आला: "पाच डझनांची पेटी हवी. मुलगी आणि नातवंडं १७ तारखेला येतायत." मी पेटी भरण्याच्या गडबडीत होतो, म्हणून लगेच उत्तर दिलं, "ओके काकू, थँक्यू 🙏 पाठवतो."

संध्याकाळी माझ्या भाच्याने मजकूर लिहून आणला. त्याचा हेतू चांगला होता. मजकूर असा:

"प्रिय ग्राहक, पुन्हा ऑर्डर दिल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! आपला विश्वास हीच आमची संपत्ती! आमच्याकडे आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ व आमरसही उपलब्ध. कोणत्याही तीन वस्तूंवर १० टक्के सूट. त्वरा करा, स्टॉक मर्यादित!"

काकूंच्या जागी बसून वाचा. ज्या बाईने नातवंडं येणार असं आपणहून सांगितलं, तिला आपण "प्रिय ग्राहक" म्हणतो आहोत. पहिलं वाक्य आभाराचं आहे, पण पुढची चार वाचून होईपर्यंत ते पहिलं वाक्य दारावरच्या बेलसारखं वाटायला लागतं: दार उघडावं म्हणून वाजवलेली. आणि तिला खरोखर जे हवं होतं, म्हणजे १७ तारखेला आंबे खायला तयार असतील का, त्याबद्दल अवाक्षर नाही.

शेवटी जी चिठ्ठी गेली ती ही:

"काकू, नमस्कार. एप्रिलमध्ये दोघांपुरते दोन डझन मागवलेत, आणि आता नातवंडांसाठी अख्खी पेटी. वाचून घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. मंडळी १७ ला येणार म्हणालात, म्हणून ८ तारखेला उतरवलेला कच्चा माल भरला आहे. १० किंवा ११ ला पेटी पोचेल. हल्ली उकाडा आहे, तेव्हा १६-१७ पासून खायला होतील, पण सगळे एका दिवशी नाही. ज्याला वास सुटलाय आणि साल जराशी सुरकुतलीय तो आधी कापा. तोवर गवतातच राहू देत, कच्चे असताना फ्रीजमध्ये नकोत. तुमची आठवण आमच्याकडे आहे."

शेवटचं वाक्य मी दोनदा बदललं. आधी "आभारी आहोत" होतं, त्याआधी "पुन्हा सेवेची संधी द्यावी" होतं. सेवेची संधी म्हणजे पुढची ऑर्डरच की. ते काढून टाकल्यावर चिठ्ठी एकदम मोकळी झाली. "आभारी आहोत" चाललं असतं, पण काकूंना सहा ओळींत आम्ही काय काय लक्षात ठेवलं ते आधीच दिसलेलं होतं, म्हणून तेही वेगळं सांगावंसं वाटलं नाही.

आंबापोळीही आहे हे नुसतं कळवणं म्हणजे गळ्यात मारणं कसं? माझा माल मी सांगू नको का?

सांगा, जरूर सांगा. फक्त आभारात नको. आभार हा आधी झालेल्या गोष्टीचा असतो, विक्री पुढे व्हायच्या गोष्टीची असते, आणि दोन्ही एका मेसेजमध्ये आली की वाचणाऱ्याच्या मनात शेवटची तेवढी राहते. आपल्याकडे कुणी जेवायला बोलावलं आणि पानावर बसल्यावर विम्याची पॉलिसी काढली, तर जेवण चांगलं असूनही घरी आल्यावर आपण पॉलिसीबद्दलच बोलतो.

आम्ही हे असं वेगळं केलं आहे: आंबा चालू असेपर्यंत आंब्याखेरीज काहीच बोलायचं नाही. पाऊस सुरू झाला, पेट्या संपल्या की जूनमध्ये आगळ आणि पोळ्यांची यादी जाते, आणि तीही ज्यांनी "हो, पाठवत जा" म्हटलं आहे त्यांनाच. त्या मेसेजमध्ये आभार नसतात. त्यात सरळ वस्तू, वजन, दर असतो. लोकांना ते आवडतं, कारण मेसेज उघडताना तो कशासाठी आला आहे हे स्पष्ट असतं.

एक अपवाद आहे. गिऱ्हाईकाने स्वतः विचारलेलं असेल, तर उत्तर न देणं हाच उद्धटपणा. "मागच्या वेळी आंबापोळीचं विचारलं होतंत, तेव्हा झाली नव्हती. आता झाली आहे, २५० ग्रॅमची पाकिटं आहेत." हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे, त्यामुळे एका ओळीत आभाराच्या चिठ्ठीतही चालतं. फक्त "पेटीसोबतच पाठवू का?" असं पुढे जोडू नका. त्याला हवी असेल तर तो म्हणेल.

माझ्या लिहिण्यात विक्री शिरली आहे हे मला कसं कळणार? मला तर ते साधंच वाटतं.

क्रियापदं बघा. मराठीत ही गोष्ट फार सोपी आहे. चिठ्ठीतली सगळी क्रियापदं पेनाने अधोरेखित करा. "मागवलीत", "सांगितलंत", "आठवण ठेवलीत", "आवडले म्हणालात" ही झाल्या गोष्टीची रूपं आहेत, त्यांत गिऱ्हाईकाने केलेलं आपण त्याला परत देतो. "मागवा", "कळवा", "सांगा", "भेट द्या", "त्वरा करा" ही आज्ञार्थी रूपं त्याला कामाला लावतात.

आज्ञार्थ अजिबात नको असं नाही. काकूंच्या चिठ्ठीत "आधी कापा" आहेच. तो त्यांच्या घरात असलेल्या आंब्याबद्दल आहे. क्रियापद आधीच घेतलेल्या पेटीकडे नेतं की नव्याने पैशांच्या पाकिटाकडे, एवढं बघायचं.

थोडं लपून येणारंही असतं. "नातवंडांना आमरसही खूप आवडेल" या वाक्यात आज्ञार्थ नाही, दर नाही, तरी ती विक्रीच आहे, आणि नातवंडांचं नाव घेऊन केलेली असल्यामुळे जास्तच बोचते. गिऱ्हाईकाने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट मालाला जोडू नये. मी याबाबतीत फार कडक आहे.

मागच्या पेटीत साका निघाला होता. ते विसरल्यासारखं करावं की काढावं?

काढावं, आणि पहिल्याच वाक्यात काढावं. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची आभाराची चिठ्ठी हीच. खराब फळ निघूनही जो पुन्हा मागवतो, त्याने तुम्हाला दुसरी संधी दिली आहे.

साका बाहेरून दिसत नाही हे आपल्याला माहीत असतं, गिऱ्हाईकाला नसतं. वरून सोन्यासारखं पिवळं फळ, आणि कापलं की आतला गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबट. त्याला वाटतं आपण जाणूनबुजून भरलं. उष्णता आणि झाडावर फार पक्व होऊ दिलेलं फळ यांनी हे वाढतं, म्हणून आपण फळ थोडं आधी उतरवतो, तरी पूर्ण टळत नाही. चिठ्ठीत हा सगळा पाठ द्यायचा नाही. पुण्यातल्या एका दादांच्या डझनात तीन फळं साक्याची निघाली होती. त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा बॉक्स मागवला, तेव्हा आम्ही लिहिलं:

"दादा, गेल्या वर्षी डझनात तीन आंबे साक्याचे निघाले होते, आणि तरी यंदा पुन्हा आमच्याकडेच मागवलेत. हे आम्ही विसरणार नाही. यंदा तुमचा बॉक्स जरा आधी उतरवलेल्या फळांतून भरला आहे, त्यामुळे पिकायला दोन दिवस जास्त लागतील. साका निघणारच नाही असं मात्र म्हणू शकत नाही, तो कापल्याशिवाय कळत नाही. निघालाच तर कापलेल्या फळाचा फोटो तेवढा पाठवा, त्या फळांचे पैसे परत करतो."

यात तीन गोष्टी आहेत: काय झालं होतं, यंदा काय वेगळं केलं, आणि कशाची हमी देता येत नाही. तिसरी गाळायचा मोह होतो. गाळू नका. "यंदा एकही फळ खराब निघणार नाही" असं लिहिलंत आणि एक निघालं, तर ती चिठ्ठी तुमच्याविरुद्धचा पुरावा होते. आणि काहीही वेगळं केलेलं नसेल तर "विशेष काळजी घेतली आहे" लिहू नका. त्या शब्दांना काही वजन नसतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

चिठ्ठी हाताने लिहून पेटीत घालावी की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी?

पाच-सहा ओळींची हाताने लिहिलेली चिठ्ठी घरात फिरते, फ्रीजच्या दारावर लागते. पण पेटीत ती कुठे ठेवता याला महत्त्व आहे. गवतात खोचली तर गवताबरोबर कचऱ्यात जाते. फळांवर ठेवली तर चीक लागतो आणि दमटपणाने जेलपेनची शाई फुटते. साध्या बॉलपेनने जाड कागदावर लिहा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावा, म्हणजे पेटी उघडताच दिसते.

तारखा आणि पिकवण्याची माहिती मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरही जाऊ दे. पेटी वाटेत एक दिवस अडकली तर कागदावरची तारीख चुकते, मेसेज तुम्ही सुधारू शकता.

कधी पाठवायची? ऑर्डर आल्या आल्या?

ऑर्डर आल्यावर फक्त पोच द्या: ऑर्डर मिळाली, पैसे मिळाले, अमुक दिवशी निघेल. त्या क्षणी माणसाला तेवढंच हवं असतं. आभाराची चिठ्ठी पेटी भरून झाल्यावर लिहा, कारण तेव्हाच तुम्हाला नेमकं काय भरलं हे माहीत असतं. आधी लिहिलेली चिठ्ठी हवेत बोलते.

फळ खाऊन झाल्यावर, आठ-दहा दिवसांनी, "आंबे कसे निघाले?" एवढा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्याला आभार म्हणू नका, आणि त्या उत्तराची वाट बघून लगेच पुढची पेटी पुढे सरकवू नका.

मला मे महिन्यात दिवसाला शंभर पेट्या भरायच्या असतात. प्रत्येकाची आठवण कुठून आणू?

वहीतून. आमच्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येक गिऱ्हाईकाला चार ओळी दिल्या आहेत: काय मागवलं, कशासाठी, काय म्हणाले. "काय म्हणाले" हे त्यांच्याच शब्दांत लिहायचं, "आम्ही दोघंच आहोत" असं. फोन ठेवल्या ठेवल्या लिहिलं तर अर्धं मिनिट लागतं, संध्याकाळी आठवून लिहायला गेलं तर काहीच आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर लेबल लावून "पुन्हा आलेले" वेगळे ठेवता येतात, त्याचा उपयोग होतो, पण लेबलात माणसाचं बोलणं मावत नाही.

पिकवण्याच्या सूचना सगळ्यांना सारख्याच असतात, त्या क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवा. वरची आठवणीची ओळ तेवढी हाताने लिहा. शंभर चिठ्ठ्यांत शंभर ओळी, त्याहून जास्त नाही. आणि खरोखर वेळ नसेल तर पहिल्यांदा मागवणाऱ्यांना नेहमीचा मजकूर जाऊ दे, पुन्हा आलेल्यांनाच ही ओळ लिहा. ते शंभरात फार नसतात.

ब्रॉडकास्टने आभार पाठवू नका. एक तर तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. दुसरं, दोन मैत्रिणींना एकच मेसेज आला की त्या एकमेकींना दाखवतात.

माझी गिऱ्हाईकं जास्त आहेत, सॉफ्टवेअरमधून टेम्प्लेट मेसेज जातात. त्याचं काय?

सॉफ्टवेअरमधून टेम्प्लेट मेसेज पाठवायच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या सेवेत ऑर्डरीची माहिती देणारे मेसेज आणि प्रचाराचे मेसेज हे वेगवेगळे प्रकार आहेत. ऑर्डरीच्या मेसेजमध्ये सूट किंवा दुसऱ्या मालाची ओळ घातलीत, की तो प्रचाराचाच धरला जातो.

दोन आंबे वर दिले तर ती लालूच होते का?

कसे देता यावर आहे. आपल्याकडे यासाठी फार सुंदर शब्द आहे, वानोळा. आपल्या शेतातलं, घरचं काही थोडंसं आपल्या माणसाला प्रेमाने द्यायचं. वानोळ्याची किंमत सांगत नाहीत आणि त्याची परतफेड मागत नाहीत. "बागेतल्या पायरीचे दोन आंबे वानोळा म्हणून ठेवलेत, ते हापूसच्या आधी पिकले तर आधी खा" असं लिहिलं की झालं.

तेच दोन आंबे "पायरीचं सॅम्पल पाठवत आहोत, आवडल्यास ऑर्डर करा" असं लिहून दिले, तर वानोळा संपला. कुपनाचंही तसंच. पुढच्या पेटीवर सूट ही आभाराची भेट नाही, ती पुढच्या पेटीची जाहिरात आहे. सूट द्यायचीच असेल तर याच बिलात द्या, आणि बिलातच लिहा.

कंपनीच्या ऑर्डरीला असं घरगुती लिहून चालेल?

चालतं, फक्त आठवण घरची नको, कामाची हवी. पुण्यातल्या एका कंपनीतून दोन वर्षं चाळीस बॉक्स मागवले गेले, चाळीस पत्त्यांवर. दुसऱ्या वर्षी सगळं जुळवणाऱ्या मॅडमना आम्ही लिहिलं: "मॅडम, नमस्कार. ऐन वेळी दोन पत्ते बदलले ते तुम्ही त्याच दुपारी कळवलेत, म्हणून दोन्ही बॉक्स परत आले नाहीत. यंदाही यादी पिनकोडसकट पाठवलीत, आमचं एक दिवसाचं काम वाचलं. चाळीसही बॉक्स पोचल्याची यादी सोबत जोडली आहे."

त्यांनी ती चिठ्ठी त्यांच्या साहेबांना पुढे पाठवली. ज्याचं काम कुणाला दिसत नाही, त्याच्या कामाचं नाव घेतलं की असं होतं. पण खरेदी बघणाऱ्या माणसाच्या घरी वेगळी पेटी पाठवू नका. तुमच्या मनात वानोळा असला तरी त्याच्या ऑफिसात त्याला वेगळं नाव पडतं, आणि अडचणीत तो येतो. द्यायचाच असेल तर एक बॉक्स ऑफिसच्या पत्त्यावर, सगळ्यांसाठी.

"तुम्ही" की "आपण"? काकू म्हणावं की मॅडम?

ते तुम्हाला फोनवर जसं बोलतात तसं. एकाच चिठ्ठीत "आपण मागवलेत" आणि "तुमची पेटी" असं मिसळू नका. वय माहीत नसेल तर ताई, दादा सुरक्षित. काकू म्हटल्याचं कुणाला आवडत नाही असं जाणवलं, तर वहीत लिहून ठेवा.

आभाराबरोबर रिव्ह्यू मागितला तर? किंवा "चार लोकांना सांगा"?

तीही एक प्रकारची वसुलीच आहे, पैशांऐवजी शब्दांची. वेगळ्या दिवशी मागा. शिल्लक रकमेची आठवणही आभारात नको, तिचा मेसेज वेगळा आणि स्पष्ट असू द्या.

चिठ्ठीला उत्तरच आलं नाही तर?

काही करायचं नाही. "चिठ्ठी मिळाली का?" असं विचारलं की समोरच्याला आभारांचे आभार मानावे लागतात. ठाण्याच्या काकूंचं उत्तरही आलं नव्हतं. जूनमध्ये पाऊस लागल्यावर त्यांनी एक फोटो पाठवला: कोयी धुऊन गॅलरीत ओळीने वाळत ठेवल्या होत्या, आणि शेजारी एक लहान मुलगा बसून त्या मोजत होता. मी फोटो वहीत त्यांच्या चार ओळींखाली चिकटवला, आणि त्यांना लिहिलं, "किती भरल्या?"